वाटेचे वर्णन आणि वाटेचे वर्ष

झाशीचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाईंच्या पाठोपाठ विष्णुभट गोडसे आठवतात. कोकणातील वरसईहून ते 1857 साली उत्तरेकडे निघाले, 1858 साली झाशीच्या वेढ्यात सापडले आणि पुढे सुखरूप घरी परतले. त्यांनी आपला प्रवास लिहून काढला तो सुमारे 1883 साली, आणि ‘माझा प्रवास’ हे पुस्तक छापून वाचकांच्या हाती आले ते 1907 साली. एकाच वर्णनाला अशा तीन तारखा आहेत: चालण्याची, लिहिण्याची आणि छापण्याची. गोडसे भटजींचे पुस्तक घेऊन कोणी वाट शोधावयास निघत नाही, म्हणून तेथे या अंतराने काही बिघडत नाही. परंतु ज्या लिखाणाच्या भरवशावर माणसे घराबाहेर पडतात, तेथे या तीन तारखांपैकी पहिलीच खरी महत्त्वाची होय. आणि नेमकी तीच बहुधा दिलेली नसते. मुखपृष्ठावर वर्ष असते ते छपाईचे. लेखक त्या वाटेने गेला कधी, हे वाचकालाच हुडकून काढावे लागते.

ते हुडकावे कसे, यासाठी झाशीच्याच परिसराकडे पाहू. येथील रेल्वे स्थानकाला राणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्याचा निर्णय डिसेंबर 2021 मध्ये झाला. एखाद्या वर्णनात नुसते ‘झाशी जंक्शन’ असेल, तर ती माहिती बहुधा त्याआधीची. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक 2010 साली नव्याने ठरविण्यात आले. झाशीहून छत्तरपूर-खजुराहोकडे जाणारा रस्ता पूर्वी 75 क्रमांकाचा होता, तो आता 39 क्रमांकाचा आहे. खजुराहोला जाण्यासाठी झाशीस उतरून मोटार धरण्याखेरीज गत्यंतर नाही, असे कोणी लिहिले असेल, तर ते 2008 पूर्वीचे समजावे. कारण त्या वर्षी खजुराहोपर्यंत रेल्वे पोहोचली. अशा दोन-तीन खुणा एकत्र केल्या म्हणजे वर्णनाचे वय बऱ्यापैकी ठरविता येते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. तीन निरनिराळ्या पुस्तकांत एकच जुना क्रमांक आणि एकच जुनी वाट आढळली, तर त्या तीन साक्षी होत नाहीत. बहुधा दोघांनी एकाची नक्कल केलेली असते, आणि साक्ष एकच उरते.

आतापर्यंतच्या चुका प्रवाशाला फार तर वेळेला आणि पैशाला महाग पडतील. स्थानकाचे नाव बदलले म्हणून कोणाच्या जिवावर बेतत नाही. नदी ओलांडावयाची असली म्हणजे मात्र प्रकरण निराळे होते.

झाशीला लागूनच मध्य प्रदेशातील दतिया जिल्हा आहे. तेथे सिंध नदीच्या परिसरात रतनगड देवीचे स्थान असून नवरात्रात फार मोठी यात्रा भरते. 1 ऑक्टोबर 2006 रोजी भाविक नदीच्या पात्रातून पलीकडे जात होते. पावसाळा ओसरत आला होता. अशा वेळी वरच्या अंगाला शिवपुरी जिल्ह्यातील मणिखेडा धरणातून पाणी सुटले, पात्र एकाएकी भरले आणि अनेक भाविक वाहून गेले. त्यानंतर नदीवर पूल झाला. पुलामुळे पात्रात उतरण्याचा धोका टळला, पण त्याच पुलावर 13 ऑक्टोबर 2013 रोजी, पुन्हा नवरात्रातच, चेंगराचेंगरी होऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ऑगस्ट 2021 मध्ये सिंधेला महापूर आला आणि त्यात रतनगडचा पूलच कोसळला.

आता या वाटेची तीन वर्णने कल्पून पाहावीत. 2005 सालच्या प्रवाशाने लिहिले असेल, नदी पायी ओलांडता येते. 2012 सालच्या प्रवाशाने लिहिले असेल, पूल झाला आहे, आता काळजी नाही. 2020 साली गेलेला सांगेल, गाडी थेट पुलावरून जाते. तिघेही खरे बोलत आहेत, आणि तिघांपैकी एकाच्याही शब्दावर विसंबून पुढच्या वर्षी कोणी निघाला असता, तर तो संकटात सापडला असता. यातील उणीव खोटेपणाची नाही. ‘नदी ओलांडता येते’ या वाक्यात महिना नाही, वरच्या बाजूस धरण आहे हे नाही, यात्रेच्या दिवशी पुलावर किती गर्दी होते हेही नाही. वाट सांगितली आहे. ती कोणत्या अटीवर सुरक्षित आहे, तेवढे सांगावयाचे राहिले आहे.

हीच कसोटी झाशीजवळच्या ओरछाला लावता येते. तेथील छत्र्यांच्या पायथ्याशी बेतवा वाहते. हिवाळ्यातील छायाचित्रांत पात्रातील काळे खडक उघडे दिसतात, त्यांच्यामधून पाणी खळखळत जाते, आणि पाहणाऱ्याला वाटते की येथे खडकाखडकावरून चालत जावे. परंतु ही नदी उगम पावते भोपाळच्या बाजूस, आणि ओरछाच्या वर तिच्यावर राजघाट व माताटीला ही मोठी धरणे आहेत. पावसाळ्यात वर पाऊस झाला आणि धरणाचे दरवाजे उघडले, तर ओरछाला निरभ्र आकाश असतानाही पाणी चढू शकते. पायाखालचा खडक कोरडा आहे, एवढ्यावरून नदीचा भरवसा धरता येत नाही. म्हणून बेतवेच्या काठच्या भटकंतीचे जे वर्णन धरणांचा उल्लेख करीत नाही, ते कितीही सुंदर असले तरी पावसाळ्यातील प्रवाशाच्या दृष्टीने अपुरेच समजावे. छायाचित्रात खडक उघडे असतील, तर ते वर्णन कोरड्या महिन्यांपुरते धरावे. जुलै ते ऑक्टोबर या काळासाठी ते नाही, असे मानून चालावे.

वर्णन हाती आले म्हणजे त्याला चार प्रश्न विचारावेत. लेखक कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी गेला? वाटेत पाणी ओलांडावे लागते का, आणि ते पाणी कोठून येते? ठरलेली वाट बंद असेल तर दुसरी कोणती? आणि काही अपघात झाला तर मदत मिळण्याचे जवळचे ठिकाण किती दूर आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर उरलेल्या तिहींची उत्तरे असूनही त्यांचे मोल कमी होते. दुसऱ्याचे नसेल, तर ती माहिती निघण्यापूर्वी अन्य मार्गाने मिळविलीच पाहिजे. आणि ती मिळण्याचे उत्तम ठिकाण म्हणजे त्या नदीकाठचे गाव. पाणी काल कोठवर होते, धरणातून पाणी सोडण्याची सूचना आली आहे का, हे तेथील नावाडी, दुकानदार किंवा चौकीवरचा शिपाई त्याच दिवशी सांगू शकतो. छापील अक्षर त्या दिवसाचे कधीच नसते.

याचा अर्थ जुनी वर्णने टाकून द्यावीत असा नव्हे. देवळाची घडण, किल्ल्याचे बुरूज, तळ्याचा इतिहास हे वीस वर्षांत फारसे बदलत नाही, आणि जुना लेखक ते अनेकदा अधिक निगुतीने सांगतो. त्याच्याकडून ते अवश्य घ्यावे. पण पूल, रस्ता, गाडीची वेळ आणि नदीचे पाणी या गोष्टींना वर्षच काय, कधीकधी एक दिवसही पुरतो. त्यांच्याविषयीचे त्याचे वाक्य वाचून झाले, की त्यापुढे मनातल्या मनात लिहावे: तो गेला त्या दिवशी.