दुपटीचा काळ

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त अंधेरीतील शालेय विद्यार्थ्यांसाठी केलेले आकाशवाणी भाषण)



अंधेरी पूर्वेला सीप्झ आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आता तिथे मेट्रोचं स्थानकही झालं आहे. त्या नावाच्या सुरुवातीला सांताक्रूझ का आणि जागा अंधेरीची का, हा वाद आपण अंधेरीकर कधीतरी घालू. पण त्याच्या पुढचं अक्षर इलेक्ट्रॉनिक्सचं आहे. 1973 साली ही वसाहत सुरू झाली, ती इलेक्ट्रॉनिक्सचा माल परदेशी पाठवण्यासाठी. आज तिथे हिरे-दागिन्यांचंही मोठं काम चालतं. ती सुरू झाली तेव्हा जगातल्या प्रोसेसर चिपवर फक्त काही हजार ट्रान्झिस्टर मावत होते. आज तुमच्या घरातल्या मोबाइलच्या चिपवर काही अब्ज असतात. एवढी वाढ झाली हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ती कोणत्या चालीने झाली, हे मात्र हिशोब करूनच कळतं, आणि तो हिशोब आज आपण करणार आहोत. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

सुरुवात मुंबईपासूनच करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, 1960 साली भारतात बनलेला एक संगणक सुरू झाला. पुढे त्याचं नाव टीफ्रॅक पडलं. त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे काय ते आजोबांना विचारा. जुना रेडिओ लावला की आधी आत नारिंगी उजेड दिसायचा, मग जरा वेळाने आवाज यायचा. ज्या काचेच्या नळ्या तापायची आपण वाट बघायचो, तेच व्हॉल्व्ह. विजेचा प्रवाह चालू-बंद करायचं जे काम तिथे व्हॉल्व्ह करायचा, तेच काम ट्रान्झिस्टर करतो. टीफ्रॅकने अख्खी खोली व्यापली होती. त्यानंतर 11 वर्षांनी, नोव्हेंबर 1971 मध्ये, इंटेल कंपनीने 4004 नावाची चिप बाजारात आणली. तिच्यावर 2,300 ट्रान्झिस्टर होते आणि ती होती 3 मिलिमीटर रुंद, 4 मिलिमीटर लांब. दोन्ही यंत्रं सारख्या ताकदीची होती असं मी म्हणत नाही. टीफ्रॅक एका वेळी 40 बिटांचा आकडा हाताळायचा, 4004 फक्त 4 बिटांचा. पण नुसते चालू-बंद करणारे भाग मोजले, तर खोलीभर पसारा नखाएवढ्या जागेत येऊन बसला होता.

आता दुसरी चिप घेऊ. मार्च 1993, पेंटियम. तिच्यावर 31 लाख ट्रान्झिस्टर. ती बनवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, हे जाता जाता सांगतो.

2,300 वरून 31 लाख. मधला काळ 21 वर्षं 4 महिने, म्हणजे 256 महिने. एवढ्या काळात संख्या किती वेळा दुप्पट झाली? उलट्या बाजूने जाऊ. 31 लाख निम्मे करत चला आणि बोटं मोजा. साडेपंधरा लाख, पावणेआठ लाख, 3 लाख 87 हजार, 1 लाख 94 हजार, 97 हजार, साडेअठ्ठेचाळीस हजार, 24 हजार, 12 हजार, 6 हजार, 3 हजार. दहा बोटं संपली. आणखी एकदा निम्मे केले तर दीड हजार होतील, ते 2,300 च्या खाली जातं. म्हणजे दहा वेळा पूर्ण आणि वर थोडं. कॅल्क्युलेटरवर लॉगरिदम काढलं तर उत्तर येतं 10.4. आता 256 महिन्यांना 10.4 ने भागा. 24.6 महिने. दोन वर्षांहून किंचित जास्त.

पण इथे थांबलात तर तुम्ही काहीच सिद्ध केलेलं नाही. दोन आकडे दिले की त्यांच्यामधून दुपटीचा कुठला तरी काळ निघतोच, कारण ती फक्त सरासरी असते. पहिली पंधरा वर्षं चिप रखडली आणि शेवटी एकदम उसळली असती, तरी सरासरी हीच आली असती. काळ खरोखर स्थिर आहे का, हे बघायचं तर मधले टप्पे तपासायला हवेत.

ते तपासू. 1978 च्या जूनमध्ये 8086 ही चिप आली, 29,000 ट्रान्झिस्टरची. 1985 च्या ऑक्टोबरमध्ये 386 आली, 2 लाख 75 हजारांची. म्हणजे आपल्या 256 महिन्यांचे तीन तुकडे पडले, जवळजवळ सारखे: 79, 88 आणि 89 महिन्यांचे. पहिल्या तुकड्यात आकडा साडेबारा पट झाला, दुसऱ्यात साडेनऊ पट, तिसऱ्यात सव्वाअकरा पट. दुपटीचा काळ काढला तर अनुक्रमे 22, 27 आणि 25 महिने. अगदी एकच आकडा नाही, पण दोन वर्षांच्या आसपासच घुटमळणारा. आता वाढीव ट्रान्झिस्टर मोजा. पहिल्या तुकड्यात भर पडली जेमतेम 27 हजारांची, तिसऱ्यात 28 लाखांची. भर शंभरपटीने वाढली, पट मात्र जवळपास तीच राहिली. स्थिर दुपटीची खूण ही आहे.

ही खूण किती दुर्मीळ आहे, ते आपल्याच शहरावरून दिसेल. जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1951 साली सुमारे 30 लाख होती आणि 1971 साली सुमारे 60 लाख. वीस वर्षांत बरोब्बर दुप्पट. कुणी तेव्हा छातीठोक सांगितलं असतं की मुंबई दर वीस वर्षांनी दुप्पट होते, तर 1991 ला 1 कोटी 20 लाख व्हायला हवे होते आणि 2011 ला 2 कोटी 40 लाख. प्रत्यक्षात 1991 ला सुमारे 99 लाख निघाले आणि 2011 ला सुमारे 1 कोटी 24 लाख. अंदाजाच्या जवळपास निम्मे. गाडीत उभं राहायला जागा नसते, त्यामुळे आपल्याला वाटतं वाढ भयंकर वेगाने चालली आहे. माणसं वाढली हे खरंच, पण पट दर वीस वर्षांनी 2 वरून 1.66 वर आणि तिथून 1.25 वर आला. दुपटीचा काळ ताणत गेला.

चिपच्या बाबतीत स्थिर दुपटीचं भाकीत गॉर्डन मूर यांनी केलं. एप्रिल 1965 मध्ये त्यांनी एका मासिकात लेख लिहिला, तेव्हा ते फेअरचाइल्ड कंपनीत होते आणि इंटेल अजून जन्माला यायची होती. त्यांच्या हातात मोजके ठिपके होते. 1959 ला चिपवर एक भाग, 1965 ला साठेक. त्यावरून त्यांनी सांगितलं की आकडा दर वर्षी दुप्पट होतो आणि 1975 पर्यंत 65,000 होईल. 1975 साली त्यांनीच आपलं भाकीत सुधारलं आणि सांगितलं, यापुढे दर दोन वर्षांनी. का? वाढ तीन वाटांनी येत होती: भाग बारीक करून, चिप मोठी करून, आणि आखणीत हुशारी करून, म्हणजे रिकामी जागा भरून काढून. तिसरी वाट संपत आली होती. रिकामी जागा एकदा भरली की पुन्हा भरता येत नाही.

पुष्कळ ठिकाणी तुम्ही 18 महिने असा आकडा वाचाल. तो मूर यांचा नाही. इंटेलमधल्याच डेव्हिड हाउस यांनी संगणकाच्या कामगिरीबद्दल केलेला तो अंदाज होता, आणि कामगिरी व ट्रान्झिस्टरची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संख्येला 18 महिने लावून बघा. 256 महिन्यांत 14 वेळा दुप्पट, वर थोडं. 2,300 वरून निघालात तर 1993 ला 4 कोटींच्या पुढे पोचाल. खरा आकडा 31 लाख. दुपटीच्या काळात सहा-साडेसहा महिन्यांची चूक केली, तर एकवीस वर्षांनी उत्तर चौदा पटीने चुकतं. विज्ञान प्रदर्शनात मांडायच्या तक्त्यावर 18 लिहिण्याआधी एवढं गणित करून बघा.

मग दोन वर्षंच का? निसर्गात असा काही नियम नाही. लांबी-रुंदी प्रत्येकी 0.7 पट केली की क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं होतं आणि त्याच जागेत दुप्पट भाग बसतात. 4004 वरच्या सर्वांत बारीक रेषा 10 मायक्रॉनच्या होत्या, पहिल्या पेंटियमवर 0.8 मायक्रॉनच्या. साडेबारा पट बारीक, म्हणजे तेवढ्याच जागेत सुमारे 156 पट भाग. उरलेली वाढ चिप मोठी करून आली. आणि हे पाऊल ठरावीक काळानेच पडत राहिलं, कारण यंत्रं बनवणारे, रसायनं पुरवणारे, चिप आखणारे असे सगळे तीच तारीख डोळ्यांसमोर ठेवून कामाला लागत. मागे पडलो तर दुसरा पुढे जाईल ही भीती प्रत्येकाला होती. भाकीत हेच वेळापत्रक बनलं.

आता अडचण कुठे आहे? पहिली उष्णतेची. 2005 च्या आसपासपर्यंत ट्रान्झिस्टर लहान झाला की तो वेगवानही होत होता आणि त्याला वीजही कमी लागत होती. मग विजेचा दाब आणखी उतरवता येईना, चिप तापू लागली. म्हणून दुकानात प्रोसेसरचा वेग तेव्हाही तीन-साडेतीन गिगाहर्ट्झ दिसायचा आणि आजही फार पुढे गेलेला दिसत नाही. संख्या वाढत राहिली, घड्याळाचा वेग अडकला. दुसरी अडचण अणूंची. आजच्या अनेक चिपमध्ये ट्रान्झिस्टर म्हणजे सिलिकॉनची उभी पातळ पट्टी असते, साधारण 7 नॅनोमीटर जाडीची. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची जी रचना पुन्हा पुन्हा येते तिची लांबी 0.54 नॅनोमीटर आहे. भागाकार करा, पट्टीच्या जाडीत अशा तेराच रचना बसतात. ही जाडी किती वेळा 0.7 पट करता येईल, ते तुम्हीच ठरवा. म्हणून आता पट्टीऐवजी एकावर एक थर रचायला सुरुवात झाली आहे. जाहिरातीत 3 नॅनोमीटर, 5 नॅनोमीटर असं जे छापतात, ते तर चिपवरच्या कुठल्याच भागाचं माप नसतं, ते पिढीचं नाव असतं.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी ठेवतो. नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपल कंपनीची एम 1 ही चिप आली, 1,600 कोटी ट्रान्झिस्टरची. मार्च 1993 च्या पेंटियमपासून तिथपर्यंत 332 महिने झाले. निम्मे करत खाली या, 31 लाखांपर्यंत. हातांची बोटं पुरणार नाहीत, शेजारच्याची दोन घ्या. मग 332 ला भागा. उत्तर 26 आणि 28 महिन्यांच्या मध्ये आलं तर तुमचं गणित बरोबर आहे.