उत्तरसूचीत नसलेले उत्तर



अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलावे असा रिवाज आहे. मी दोन गुणांच्या एका प्रश्नावर बोलणार आहे. ‘योग्य विरामचिन्हे घाला : आई म्हणाली बाळू उद्या शाळा नाही तू झोप’. असे प्रश्न आपण मराठीचे शिक्षक सगळेच काढतो आणि तपासतोही.

उत्तरसूचीत एकच उत्तर असते : आई म्हणाली, “बाळू, उद्या शाळा नाही. तू झोप.” आता वर्गातल्या वह्या उघडा. एकीने ‘नाही’नंतर अर्धविराम दिला आहे. एकाने तिथे स्वल्पविराम देऊन शेवटी उद्गारचिन्ह काढले आहे. सूचीशी चिन्हे ताडून पाहणारा परीक्षक इथे अर्धा-अर्धा गुण कापत जातो. पण दोन छोटी वाक्ये पूर्णविरामाने तोडावीत की अर्धविरामाने किंवा स्वल्पविरामाने जोडावीत, हा लिहिणाऱ्याच्या कानाचा प्रश्न आहे. उद्गारचिन्हाने आईचा आवाज थोडा चढतो, एवढेच. या तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळायला हवेत.

‘बाळू’नंतरच्या स्वल्पविरामाचे मात्र तसे नाही. ते संबोधन आहे आणि ते पुढच्या वाक्यापासून वेगळे काढायलाच हवे. आईचे बोलणे कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेही दिसायला हवे. कथाकार अवतरणचिन्हे गाळतात हे खरे, पण या प्रश्नात आपण त्यांचाच वापर तपासत आहोत. म्हणजे या वाक्यात तपासायच्या गोष्टी तीनच : संबोधन, बोलण्याच्या सीमा आणि वाक्याचा शेवट. गुण या तीन गोष्टींना वाटावेत, चिन्हांच्या संख्येला नव्हे.

आता चौथे उत्तर. आई म्हणाली, “बाळू, उद्या शाळा, नाही? तू झोप.” पहिल्या नजरेला आपण फुली मारतो. जरा मोठ्याने वाचून पाहा. उद्या शाळा आहे ना, मग जागतोस कशाला, झोप! सूचीतल्या आईने सुट्टी म्हणून झोपायला सांगितले, या आईने शाळा म्हणून सांगितले. अर्थ उलटा झाला, पण वाक्य बोलीभाषेत चपखल बसते आणि तिन्ही गोष्टी जागेवर आहेत. मी पूर्ण गुण देईन. “बाळू, उद्या. शाळा नाही तू, झोप.” याला देणार नाही, कारण ‘शाळा नाही तू’ हे कुठल्याही सुरात वाचले तरी अर्थ लागत नाही. मोठ्याने वाचणे ही कसोटी साधी आहे. ती बहुतेक वेळा पुरते.

मराठी बखरी आणि मोडीतले कागद या चिन्हांवाचूनच लिहिले गेले. आजची चिन्हे इंग्रजी वळणाने, मेजर कॅन्डी यांच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकात रुजली. या चिन्हांच्या बाबतीत आपण इतके कर्मठ का व्हावे, हे मला कळत नाही.

वाक्यशुद्धीत गफलत वेगळ्या जागी होते. ‘मी काल बाजारात गेला’ हे वाक्य घ्या. सूचीत ‘गेलो’. मुलगी लिहिते, ‘मी काल बाजारात गेले’, आणि ते बरोबरच आहे. ‘मी’ला स्वतःचे लिंग नसते. तिसरा विद्यार्थी क्रियापदाला हात न लावता कर्ता बदलतो : ‘तो काल बाजारात गेला’. चूक एका शब्दात होती, त्याने एकच शब्द बदलला. हेही शुद्ध. ‘काल बाजार बंद होता’ असे लिहिणाऱ्याने मात्र वाक्य दुरुस्त केलेले नाही, टाळले आहे. काही भागांत बायका ‘मी गेली’ म्हणतात. ते नाकारायचे असेल तर प्रश्नातच ‘प्रमाण मराठीत’ असे लिहावे, नंतर लाल शाईने नव्हे.

काही ठिकाणी तर नियमच दोन दारे उघडी ठेवतो. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत ‘राहणे, पाहणे’ अशी रूपे ठरवून दिली आहेत, पण आज्ञार्थात ‘राहा, पाहा’ यांबरोबर ‘रहा, पहा’ चालतात. ‘तिकडे पहा’ हे अशुद्ध म्हणून देणारा प्रश्नच चुकलेला असतो.

पर्यायी प्रश्नांत ही मोकळीक देता येत नाही. तिथे गोळा एकच रंगवायचा असतो. म्हणून पूर्णविराम की अर्धविराम असे पर्याय समोरासमोर ठेवू नयेत. चुकीचा पर्याय मोठ्याने वाचल्यावर मोडलाच पाहिजे. लेखी प्रश्नासाठी माझी सूचना आहे, नियामकांनी ती विचारात घ्यावी. तपासणीच्या पहिल्या दिवशी गुण देण्याआधी प्रत्येक परीक्षकाने पंधरा-वीस उत्तरपत्रिकांतला हा एकच प्रश्न वाचावा, वेगळी उत्तरे कागदावर उतरवावीत, दुपारी सगळ्यांनी मिळून त्यांचा निकाल लावावा आणि ती यादी सूचीला जोडावी. नंतर नवे उत्तर निघाले, तर ते नियामकाकडे पाठवावे आणि तोवर तो गुण पेन्सिलीने लिहावा.