गाण्याची शिष्यवृत्ती : अर्जात लिहाल तेच गायला लावतील

कुणी भाकरी आटपून बसल्या असाल, कुणी शेंगा फोडता फोडता ऐकत असाल. हात चालू राहू द्या, कान फक्त इकडे द्या. आज आम्ही शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या पोरींच्या शिष्यवृत्तीबद्दल बोलणार आहोत. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचा अर्ज आम्ही दोनदा भरला. पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा जमला. मधल्या वर्षात जे शिकलो ते सांगतो.

ही मुलगी तेरा वर्षांची असल्यापासून तालुक्याच्या गावी सरांकडे गाणं शिकते. आठवड्यातून दोनदा एसटीनं जाते. बारावी झाली आणि घरात दोन गोष्टी एकदम आल्या, एक स्थळ आणि क्लासची वाढलेली फी. आई म्हणाली, दोन वर्षांचा खर्च कुठून निघाला तर लग्नाचं मी थांबवून धरते, नाही तर मला घरच्यांपुढे बोलायला तोंड नाही. म्हणून आम्ही शोधाशोध केली.

सापडली ती केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती. तिचं काम दिल्लीची सीसीआरटी ही संस्था बघते. वय १८ ते २५. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. साऱ्या देशात मिळून ४०० जणांना ती मिळते, आणि त्यात गाण्याबरोबर नाच, नाटक, चित्रकला, लोककला असे सगळे येतात. ही शिष्यवृत्ती नवशिक्यांसाठी नाही. आधी गुरूकडे किंवा संस्थेत निदान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. पुढचं, वरच्या पायरीचं शिक्षण घेता यावं म्हणून हे पैसे आहेत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर अर्जात काय लिहायचं ते आपोआप उलगडतं.

आधी पाच वर्षांचं बघू. आमच्या मुलीनं सरांकडून पत्र आणलं. त्यात होतं, "ही विद्यार्थिनी माझ्याकडे अनेक वर्षांपासून शिकत असून अतिशय गुणी आहे." पत्र प्रेमाचं होतं, पण त्यातून पाच वर्षं कशी मोजायची? आम्ही ते परत पाठवलं. नव्या पत्रात सरांनी लिहिलं की अमुक वर्षाच्या जून महिन्यापासून आजपर्यंत, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी दीड तास, ख्याल गायनाचं शिक्षण माझ्याकडे चालू आहे. खाली सही, तारीख, पत्ता, आणि सर स्वतः कुणाकडे शिकले तेही. तुमच्या मुलीनं मध्ये गुरू बदलला असेल तर दोघांचीही पत्रं घ्या आणि दोन्हीतल्या तारखा जुळवून बघा.

पुष्कळ जणींना वाटतं की गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेचा दाखला असला की झालं. आमच्या मुलीची मध्यमा पूर्ण झाली होती. तो दाखला जोडायचाच, पण त्यानं परीक्षा पास झाल्याचं कळतं, किती वर्षं कुणापाशी बसून शिकली हे कळत नाही. ते गुरूच सांगू शकतात.

कागद पूर्ण झाले, अर्ज गेला, आणि मुलीला तज्ज्ञांच्या समितीपुढे बोलावणं आलं. आम्हाला वाटलं, निम्मी लढाई जिंकली. तिथंच घसरलो, आणि चूक आमचीच होती.

अर्जात येणाऱ्या रागांची यादी लिहायची होती. आम्ही म्हणालो, जितके जास्त तितकं वजन जास्त. मुलीच्या वहीत जेवढे होते तेवढे सगळे, म्हणजे पंधरा राग लिहिले. समितीपुढे तिनं आधी यमन गायला, तो छान झाला. मग एका परीक्षकांनी यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, पूरिया गा. पूरियाची एक बंदिश तिनं तीन आठवड्यांपूर्वी घेतली होती. बंदिश आली, पण आलापीला लागली आणि पूरियाचा मारवा झाला.

ज्यांना गाणं येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आम्हालाही सरांनीच समजावलं. मारवा आणि पूरिया या दोन रागांचे स्वर तेच आहेत. दोन्हीत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि पंचम अजिबात नाही. फरक आहे तो कुठे थांबायचं याचा. मारवा रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो, पूरिया गंधारावर आणि निषादावर. एकाच पिठाची भाकरी आणि थालीपीठ, तसं समजा. हा फरक वहीत वाचून येत नाही, गळ्यात बसायला महिने लागतात. आमची पोर रिषभावर थांबली आणि जाणकारांना कळलं की हा राग अजून हिचा झालेला नाही. मग यादीतले बाकीचे रागही असेच असतील, असं कुणाला वाटलं तर त्यांना दोष कसा द्यायचा?

त्या वर्षी निवड झाली नाही. मुलगी घरी येऊन गप्प बसली. आईनं मात्र एक वर्ष मागून घेतलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही यादीपासून सुरुवात केली. पंधरा रागांच्या पंधरा चिठ्ठ्या करून एका डब्यात टाकल्या. रोज संध्याकाळी घरातलं कुणीही एक चिठ्ठी काढायचं. मुलीनं वही न उघडता तो राग पाच मिनिटं आलापीत गायचा, मग बंदिश म्हणायची, आणि बंदिश गाताना हातानं ताल दाखवायचा. सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून आठवड्यानं सरांना ऐकवायचं. ज्या रागात सर म्हणाले की इथं शेजारचा राग डोकावतो, त्याची चिठ्ठी बाजूला काढायची. दोन महिन्यांनी डब्यात सात चिठ्ठ्या उरल्या.

त्या सातांचेही अर्जात दोन भाग केले. यमन, बिहाग आणि बागेश्री हे तीन राग विलंबित आणि द्रुत ख्यालासह विस्तारानं येतात. भूप, भीमपलास, वृंदावनी सारंग आणि मालकंस यांत छोटा ख्याल येतो. यादी निम्म्याहून लहान झाली, पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे गळा होता. आणि ज्या रागाला जुळा भाऊ आहे, त्याची तयारी वेगळी केली. भूपाचेच पाच स्वर देसकारात येतात. भूप संध्याकाळचा आणि गंधारावर उभा, देसकार सकाळचा आणि धैवतावर उभा. देसकार यादीत नसला तरी हा फरक गाऊन दाखवता यावा, अशी तयारी सरांनी करून घेतली.

दुसरी सुधारणा केली ती पुढच्या दोन वर्षांच्या बेतात. पहिल्या अर्जात आम्ही लिहिलं होतं, "संगीताचं उच्च शिक्षण घेऊन नाव कमवायचं आहे." यातून कुणाला काय कळणार? शिष्यवृत्ती वरच्या शिक्षणासाठी आहे, तर आता काय येत नाही आणि काय शिकणार ते सांगायला हवं. सरांसोबत बसून सहा-सहा महिन्यांचे चार तुकडे पाडले. पहिल्या सहा महिन्यांत सकाळचे राग, भैरव आणि तोडी, कारण मुलीकडे सकाळचा राग एकही नव्हता. दुसऱ्यात मारवा आणि पूरिया शेजारी ठेवून. तिसऱ्यात विलंबित ख्याल एकतालाशिवाय तिलवाड्यात गाण्याचा सराव. एकतालाच्या १२ मात्रा, तिलवाड्याच्या १६, त्यामुळे समेवर येण्याचा अंदाज नव्यानं बसवावा लागतो. चौथ्यात आधीच्या सगळ्याची एक-एक तासाची मांडणी. जिथं घसरलो होतो तो पूरिया आम्ही लपवला नाही, शिकायच्या यादीत उघड लिहिला.

कागदांतली एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या पोरींना नडते. शाळेचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक, तिन्हीवर नाव एकसारखं हवं. एकावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही, असं असेल तर जाहिरात यायच्या आधीच दुरुस्त करून घ्या. खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर असू द्या. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत दिलेलं असतं, तेही नीट बघा. जाहिरात वर्तमानपत्रात येते आणि ccrtindia.gov.in या संकेतस्थळावर दिसते. दर वर्षी ठरल्या महिन्यात येईल असं धरून चालू नका. महिन्यातून एकदा कुणाला तरी मोबाईलवर बघायला सांगा.

दुसऱ्या वेळी समितीनं बिहाग मागितला, मग मालकंस. दोन्ही डब्यातले होते. निवड झाली.

आता पैशाचं. महिना ५,००० म्हटलं तरी ते महिन्याला हातात येत नाहीत. सहा महिन्यांचा एक, असे चार हप्ते असतात, म्हणजे एका वेळी ३०,००० रुपये, आणि मध्ये प्रगतीचा अहवाल गुरूंच्या सहीनं पाठवावा लागतो. सरांची फी आणि एसटीचा पास मात्र दर महिन्याला लागतो. म्हणून आमच्या गटानं ताईंना अंतर्गत कर्ज दिलं, हप्ता आला की फेडायचं अशा बोलीवर. पहिला हप्ता येईपर्यंत पोरीचा एकही क्लास बुडला नाही. तुमच्या गटालाही हे जमण्यासारखं आहे, फक्त ठराव आधी करून ठेवा.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी त्याच संस्थेची दुसरी शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी वय १० ते १४ लागतं, आणि एकदा मिळाली की अटी पाळून विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. तुमच्या घरात असं मूल शिकत असेल तर आजच एक काम करा. ते ज्या तारखेपासून शिकायला लागलं ती तारीख गुरुजींकडून कागदावर लिहून घ्या. पुढे पाच वर्षं मोजायची वेळ येईल तेव्हा तोच कागद कामाला येईल.

आमची पोर आज सकाळीही तोडी घोकत होती. अजून जमत नाही म्हणते. पण अहवालात तसंच लिहिणार आहे.

भेटू पुढच्या गुरुवारी. नमस्कार.