खोक्यावरचा क्रमांक आणि पाकिटावरचा क्रमांक
(उत्पादक बचतगटांच्या पदाधिकाऱ्यांसमोर केलेले भाषण)



आपला माल मोठ्या दुकानसाखळीकडे जाऊ लागला की तिचे पहिले पत्र बहुधा मालाविषयी नसते, खोक्याविषयी असते. ‘खोक्यावरील बारकोड बदलावा’ एवढेच त्यात लिहिलेले असते. ही मागणी पुठ्ठ्याची खोकी पुरविणाऱ्या कारखानदाराकडे कशा रीतीने न्यावी, तेवढेच आज सांगणार आहे.

समजा, एका गटाच्या पापडाच्या पाकिटावर ८९०१२३४५६७८९० हा नमुन्याचा क्रमांक आहे आणि एका खोक्यात २४ पाकिटे मावतात. कारखानदाराने पाकिटावरचाच बारकोड खोक्यावर छापला. ग्राहकाच्या गोदामात यंत्राने खोके वाचले, की नोंद होते ती एका पाकिटाची. आपले बिल २४ पाकिटांचे, गोदामाची पावती एकाची; मग माल परत येतो किंवा पैसे अडकतात.

म्हणून खोक्याला स्वतंत्र १४ अंकी क्रमांक हवा. पाकिटाच्या क्रमांकातील शेवटचा पडताळणी अंक सोडून उरलेले १२ अंक घ्यावेत आणि त्यांच्या आरंभी १ लिहावा. आता पडताळणी अंक नव्याने काढावा लागतो. डावीकडून एकाआड एक अंकांना ३ आणि १ ने गुणून बेरीज केली, तर ती १३३ येते. पुढील दशक १४०. म्हणून अंक ७. खोक्याचा क्रमांक झाला १८९०१२३४५६७८९७. जुना शून्य तसाच ठेवला, तर यंत्र तो क्रमांक नाकारते. उद्या १२ पाकिटांचे खोके काढले, तर आरंभी २ घालून पुन्हा असाच हिशेब करावा.

कारखानदाराला हे तोंडी सांगू नये. ग्राहकाची लेखी सूचना, नवा क्रमांक आणि बारकोडची जागा पत्रात द्यावी. खडबडीत पुठ्ठ्यावर बारीक रेघा फुटतात, म्हणून रेघा जाड आणि उंची निदान ३२ मिलिमीटर असावी. दोन्ही बाजूंना कोरी जागा राखावी. शाई काळी असावी. लाल शाई यंत्राच्या लाल प्रकाशात दिसतच नाही. तारीख व घाणा क्रमांक दरवेळी बदलतात. त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवावी.

छपाईचा नवा ठसा करण्याचा खर्च कोणी सोसावा, हे आधी ठरवावे. मग एकच खोके छापून, भरून ग्राहकाच्या गोदामात वाचून घ्यावे. मोबाइलवर वाचले गेले म्हणजे गोदामातील यंत्र वाचीलच, असे नाही. लेखी मान्यता आल्यावरच पुढील छपाईस संमती द्यावी.

शिल्लक जुनी खोकी वापरायची असतील, तर ग्राहकाला विचारून नवी चिठ्ठी जुन्या बारकोडवरच चिकटवावी. चिठ्ठीखालून जुन्या रेघा डोकावत नाहीत ना, हे पाहावे. एका खोक्यावर दोन बारकोड उघडे राहिले, तर यंत्र कोणता वाचील, याचा नेम नाही.