दोन हात, दोन रंग: मेंदीच्या सीझनला बाहेरच्या मुली घेताना

मी दिवसा कोड लिहितो, पण लग्नसराईत संध्याकाळी ताईच्या मेंदीच्या कामाचं वेळापत्रक सांभाळतो. आमचं घर हर्सूलला. तुळशीचं लग्न लागलं की ताईचा फोन थांबत नाही. मुहूर्त ठरावीक, त्यामुळे एकाच तारखेला एक काम सिडकोत, दुसरं फुलंब्रीला. ताई एकच. मग बाहेरच्या मुली घ्याव्याच लागतात.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली ती सांगतो. नवरीचा उजवा हात ताईने काढला, डावा एका नव्या मुलीने. डिझाइन सुंदर, मुलगी हुशार. मेंदी काढली त्या रात्री दोन्ही हात सारखेच केशरी दिसत होते. लग्नाच्या दिवशी उजवा गडद तपकिरी झाला आणि डावा केशरीच राहिला. फोटोत नवरी डावा हात पदराखाली लपवतेय. आम्ही अर्धे पैसे परत केले, पण फोटो काही परत काढता येत नाहीत.

आम्हाला वाटलं, मुलगी कच्ची. पण ती स्वतःचे कोन घेऊन आली होती आणि ते जुने होते. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य भिजवल्यावर हळूहळू सुटतं आणि सुटल्यावर उघड्यावर, गरमीत राहिलं तर कमजोर होतं. शिवाय रंग लगेच कळतच नाही. लेप काढल्यावर केशरी दिसतो, पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होतो. म्हणजे चूक झालीय हे कळेपर्यंत ती मुलगी घरी गेलेली असते.

तेव्हापासून घरात एक नियम आहे: माणूस बाहेरचा चालेल, कोन आमचाच. ताई राजस्थानातल्या सोजतची बारीक पूड आणते, पुन्हा कापडातून चाळते. लिंबाचा रस, साखर, नीलगिरीचं तेल घालून झाकून ठेवते. थंडीत रंग सुटायला जास्त वेळ लागतो, उन्हाळ्यात कमी. मग कोन भरून फ्रीजरमध्ये. प्रत्येक लॉटवर तारीख लिहायची आणि त्यातल्या एका कोनाचा ठिपका स्वतःच्या तळहातावर काढून दोन दिवस बघायचा. ठिपका गडद झाला तरच तो लॉट कामाला जातो. झटपट काळा रंग देणारे कोन तर बॅगेतही आणू द्यायचे नाहीत. त्यात पीपीडी नावाचं रसायन असू शकतं, त्याने कातडीवर फोड येतात.

आता मुलगी कशी निवडायची? इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून आम्ही कुणाला घेत नाही. तो हात चार तास निवांत बसून काढलेला असतो. चातुर्मासात, म्हणजे मुहूर्त नसतात तेव्हा, ताई मुलींना घरी बोलावते. ट्रायलचेही पैसे देते, फुकट राबवत नाही. लागोपाठ सहा हात काढायला लावते. पहिला हात सगळ्यांचाच छान येतो. ती बघते सहावा. जाळीच्या रेषा जाड-बारीक व्हायला लागल्या, पानांची टोकं बोथट झाली, की ही मुलगी किती वेळ टिकेल ते समजतं.

एक हिशेब सांगतो. समजा चाळीस बायका आणि साठ हात, साधं डिझाइन. एका हाताला दहा मिनिटं धरली तर सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. चार मुली असतील तर कागदावर अडीच तास. पण बायका उठतात, बसतात, डिझाइनवर अडून बसतात, आणि तिसऱ्या तासाला मुलींचा वेग पडतो. म्हणून आम्ही साडेतीन तास सांगतो. सोबत एक मदतनीस असते. ती नंबर लावते, कोन देते, तोंड बुजलं तर टाचणीने मोकळं करते आणि वाळलेल्या मेंदीवर लिंबू-साखरेचं पाणी लावते. ती नसेल तर चारही मुली सारख्या उठत राहतात.

पाहुण्यांसाठी डिझाइनही दहाच ठेवलीत, मोबाईलवर दाखवायची. कुणी वेगळं मागितलं तर गोड बोलून नाही म्हणायचं, हे मुलींना आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला आम्ही हातामागे पैसे द्यायचो. मग घाई व्हायची, शेवटचे हात नुसते वेलींवर भागवलेले. आता संध्याकाळचे ठरलेले पैसे, त्याच रात्री हातात.

नवरीचं काम नव्या मुलीला एकटीला द्यायचं नाही. आमच्या ऑफिसातही नव्या पोराला पहिल्या दिवशी चालू सर्व्हरचा पासवर्ड देत नाहीत, तसंच. दोन्ही हातांची बाह्यरेषा, चेहरे, नाव ताईच काढते. भरणी दुसरी करते, पण दोन्ही हातांवर तीच. त्यामुळे रेषांमध्ये फरक असला तरी तो दोन्हीकडे सारखाच पडतो आणि डोळ्यांना खुपत नाही.

एक अडचण मात्र अजून सुटली नाही. दाट मुहूर्ताच्या दिवशी सकाळी एखादीचा फोन येतो, ‘ताई, आज नाही जमणार.’ त्या दिवशी शहरात मोकळी मुलगी मिळत नाही. आम्ही एकीला थोडे पैसे देऊन राखीव ठेवतो. तीही नाही आली, तर ताई पाहुण्यांच्या घरी फोन करून सरळ सांगते, आज साठ नाही, चाळीसच हात होतील. शिव्या पडतात. पण कुणालाही कुठूनही उचलून आणत नाही.