रंगीत पानें हिरवीं कां होतात?

पुष्कळ घरांत मनीप्लँटचा वेल असतो. आणला तेव्हां त्याच्या पानांवर पिवळे पट्टे असतात. पुढें नवीं पानें निव्वळ हिरवीं येऊं लागतात. मग छाटणीनें किंवा अधिक उजेडानें तें रूप परत येईल काय?

पानाचा हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो, आणि तेंच उजेडाच्या बळावर झाडाचें अन्न तयार करतें. पिवळ्या भागांतील पेशींत तें फार थोडें असतें. वेलाच्या वाढत्या टोकांत दोन्ही प्रकारच्या पेशी असतील, तरच पान पट्टेरी निघतें. अंधाऱ्या खोलींत पिवळेपणा फिकटतो, पण टोकांतील पेशी तशाच राहतात. कधीं मात्र पिवळ्या पेशींचा वंशच टोकांतून नाहींसा होतो. दोन्ही प्रसंगीं पान हिरवेंच दिसतें. उपाय मात्र निराळे.

समजा, एका कुंडींतले दोन वेल आंतल्या खोलींतून पूर्वेच्या खिडकीशीं आणले. कांहीं आठवड्यांनीं एकाच्या नव्या पानांवर पिवळे शिंतोडे उमटले. दुसऱ्याचीं पानें हिरवींच राहिलीं. पहिल्याला केवळ उजेड कमी पडत होता. दुसऱ्याच्या टोकांत पिवळी पेशी उरलेलीच नाहीं. त्याला कितीहि उजेड दिला तरी पट्टा येणार नाहीं. जुनीं हिरवीं पानें तर दोन्ही वेलांवर तशींच राहतात.

दुसऱ्या वेलासाठीं छाटणी हवी. टोकापासून मागें येत जावें आणि जेथें पान पट्टेरी आहे व दांड्यावरहि पिवळी रेघ दिसते, तें पेर शोधावें. त्या पेराच्या पाव इंच वर कापलें, म्हणजे पानाच्या बगलेंतला डोळा फुटतो. रेघ त्या डोळ्याच्या बाजूनें गेली असेल, तर नवी फांदी पट्टेरी निघण्याचा संभव बराच. डोळा दांड्याच्या हिरव्या बाजूस असला, तर फांदीहि हिरवीच येते. मग आणखी एक पेर खालीं उतरावें. मुळापर्यंत एकहि पट्टेरी पेर नसेल, तर छाटणी व्यर्थ होय.

हिरवी फांदी अन्न अधिक तयार करते, म्हणून ती झपाट्यानें वाढून पट्टेरी फांदीला मागें टाकते. ती दिसतांच उगमापासून काढावी. उलट अगदीं पिवळी फांदीहि राखूं नये. तिला स्वतःचें पोषण करवत नाहीं. आणि उजेड म्हणजे दुपारचें ऊन नव्हे. त्यानें पिवळे भाग प्रथम करपतात.

पिवळ्या काठाच्या स्नेक प्लँटचें उदाहरण याहून बोलकें आहे. त्याच्या पानाचा तुकडा मातींत रोवला, तर उजेड कितीहि असो, रोप काठावांचून येतें. जमिनींतला कंद फोडून लावला, तरच काठ टिकतो. उजेड असलेला रंग खुलवतो. गेलेला वंश तो निर्माण करीत नाहीं.