दोन्हीवर १५०० लिहिलंय, मग जास्त कशात?

आजचा भाग थोडा आकडेमोडीचा आहे, पण मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरेल.

गेल्या महिन्यात आपल्या एका श्रोत्याने दोन फोटो पाठवले. त्याच्या आजीचे गुडघे दुखतात. आत्या अमेरिकेहून आली तेव्हा तिने ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांची मोठी बरणी आणली. ती संपत आली तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तसल्याच गोळ्यांचं पाकीट आणलं. बरणीवर ठळक अक्षरात १५०० मिलिग्रॅम, पाकिटावरही १५०० मिलिग्रॅम. प्रश्न साधा होता : "दोन्ही सेमच आहे ना? पाकीट स्वस्त पडतंय." आणि खाली एक ओळ : "आजी माळकरी आहे, काही प्रॉब्लेम नाही ना?"

ही शेवटची ओळ वाचून मी दोन्ही फोटो झूम करून बघायला लागलो. आधी तिचंच बघू.

ग्लुकोसामाइन ही एक प्रकारची साखर आहे, नायट्रोजन असलेली. आपल्या शरीरात ती तयार होते आणि सांध्यातल्या कूर्चेच्या बांधणीत वापरली जाते. बाजारातलं ग्लुकोसामाइन मात्र बहुतेक वेळा कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचातून येतं. कोळंबी सोलून पॅक करणाऱ्या कारखान्यांत कवचांचे ढीग उरतात. त्या कवचात कायटिन नावाचा पदार्थ असतो. आम्लाने त्यातलं कॅल्शियम काढायचं, अल्कलीने प्रथिनं काढायची, मग उरलेलं कायटिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तोडायचं, की ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड मिळतं. पांढरी पावडर. बघून कुणाला खेकडा आठवणार नाही.

दुसरा मार्गही आहे. अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी वाढवून तिच्यातून, किंवा मक्याच्या साखरेवर आंबवण करून ग्लुकोसामाइन बनवतात. म्हणजे शाकाहारी ग्लुकोसामाइन खरंच असतं, ती थाप नाही. लेबलवर 'व्हेजिटेरियन सोर्स', 'फर्मेंटेशन' किंवा 'कॉर्न' असे शब्द दिसतात.

अडचण जोडीदाराची आहे. कॉन्ड्रॉइटिन हे प्राण्यांच्या कूर्चेतून काढतात : गाईबैलांची श्वासनलिका, डुक्कर, कोंबडीच्या छातीचं मऊ हाड, शार्क. लेबलवर 'बोव्हाइन' म्हणजे गोवंशाचं, 'पोर्साइन' म्हणजे डुकराचं, 'एव्हियन' म्हणजे पक्ष्याचं, 'मरीन' म्हणजे समुद्री. आंबवून बनवलेलं कॉन्ड्रॉइटिन आता येऊ लागलंय, पण दुकानात हाताला लागतं ते जवळपास सगळं प्राणिजन्य. म्हणून माझा एक ठोकताळा : घटकांत कॉन्ड्रॉइटिन लिहिलंय आणि वर हिरवं चिन्ह आहे, तर तिथे थांबायचं आणि कंपनीला विचारायचं. एकतर ते खरंच आंबवलेलं असेल आणि कंपनी ते अभिमानाने सांगेल, नाहीतर काहीतरी गडबड आहे.

आता चिन्हांबद्दल. आपल्याकडे सप्लिमेंट खाद्यपदार्थांच्या नियमांखाली येतं. पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह लागतं. चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहारी. मांसाहारीसाठी आता तपकिरी त्रिकोण आहे, जुन्या पाकिटांवर तपकिरी ठिपका होता. कवचापासून बनलेलं ग्लुकोसामाइन मांसाहारीतच मोडतं. पण तीच गोळी औषध म्हणून परवाना घेऊन बनवली असेल, तर पाकिटावर 'मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स' असतं, आणि बऱ्याचदा हे चिन्ह नसतं. आजीच्या पाकिटाचं नेमकं तेच होतं. चिन्ह नाही, स्रोतही लिहिलेला नाही. चिन्ह नसणं म्हणजे शाकाहारी असणं नव्हे.

अमेरिकन बरणीवर आपलं चिन्ह नसतंच. पण तिथल्या अ‍ॅलर्जीच्या कायद्यामुळे कवचधारी प्राण्यापासून बनलेला घटक असेल तर प्राण्याचं नाव लिहावं लागतं. बरणीच्या मागे, घटकांच्या यादीखाली, बारीक अक्षरात होतं : 'कंटेन्स श्रिम्प, क्रॅब'. कोळंबी, खेकडा. आजी गेले आठ महिने ते घेत होती. आत्याने प्रेमानेच आणलं होतं, पण मागची बाजू कुणी वाचलीच नव्हती. आपल्याकडच्या खाद्य लेबलवरही ही अ‍ॅलर्जीची ओळ लागते, तिथे 'क्रस्टेशियन' हा शब्द शोधा.

आता कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी थोडं. ही अ‍ॅलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाने होते आणि ते असतं मांसात, कवचात नाही. अ‍ॅलर्जी असलेल्या थोड्या लोकांना ग्लुकोसामाइन देऊन छोटे अभ्यास झालेत, त्यांत त्रास दिसला नाही. पण ते अभ्यास खरंच छोटे होते, आणि प्रत्येक कारखान्यात प्रथिनं तितकीच नीट निघतात असं नाही. कोळंबी खाऊन ज्यांचा घसा सुजलाय, श्वास अडकलाय, त्यांनी घरच्या घरी प्रयोग करू नये. आंबवलेला पर्याय उपलब्ध असताना तर मुळीच नको.

चला, आता १५०० कडे.

भाजीवाल्याने पिशवीसकट वजन केलं तर आपण लगेच बोलतो ना? इथे तोच प्रकार आहे. ग्लुकोसामाइन नुसतं टिकत नाही, म्हणून ते क्षाराच्या रूपात देतात. एक रूप हायड्रोक्लोराइड. दुसरं सल्फेट. सल्फेट हवेतली ओल पटकन शोषतं, म्हणून ते स्थिर ठेवायला त्यात आणखी मीठ असतं : पोटॅशियम क्लोराइड किंवा आपलं नेहमीचं सोडियम क्लोराइड. लेबलवर नावापुढे 2KCl किंवा 2NaCl दिसलं, की समजायचं पिशवी जाड आहे.

बरणीवर लिहिलं होतं : ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड १५०० मिलिग्रॅम. हायड्रोक्लोराइडमध्ये खरं ग्लुकोसामाइन ८३ टक्के. म्हणजे साधारण १२५० मिलिग्रॅम.

पाकिटावर होतं : ग्लुकोसामाइन सल्फेट 2KCl, प्रत्येक गोळीत ७५० मिलिग्रॅम. दोन गोळ्यांचे झाले १५००. यात खरं ग्लुकोसामाइन ५९ टक्के. म्हणजे साधारण ८९० मिलिग्रॅम.

दोन्हीवर १५००, आणि आत ३६० मिलिग्रॅमचा फरक. कुणी खोटं बोललं नाही हं. एकाने पातळ पिशवीसकट मोजलं, दुसऱ्याने जाड.

युरोपात सल्फेटच्या ज्या औषधावर बरेच प्रयोग झाले, तिथे हिशेब वेगळा मांडतात. तिथे १५०० हा आकडा मीठ वगळून उरलेल्या सल्फेटचा असतो. मिठासकट वजन होतं १८८४ मिलिग्रॅम, आणि खरं ग्लुकोसामाइन साधारण ११८०. म्हणजे डॉक्टर 'पंधराशे' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुधा हा आकडा असतो आणि आपल्या पाकिटात येतं त्याच्या तीन चतुर्थांश. म्हणून लेबलवर 'इक्विव्हॅलंट टू ग्लुकोसामाइन' अशी ओळ शोधा. ती असेल तर कॅल्क्युलेटर ठेवून द्या, तोच आकडा दोन पाकिटांत जुळवायचा.

मिठाचं अजून एक. 2NaCl वाल्या १८८४ मिलिग्रॅममध्ये सोडियम १५० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. बीपीसाठी मीठ मोजून खाणाऱ्याने ते हिशेबात धरावं. 2KCl वाल्यात पोटॅशियम असतं, तेव्हा किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून.

दुसरी गंमत 'सर्व्हिंग साइज'ची. बरणीवरचे १५०० एका गोळीत नव्हते, 'सर्व्हिंग साइज : ३ टॅब्लेट्स' असं होतं. आजी रोज एकच घेत होती. म्हणजे दिवसाला ५०० चा क्षार, खरं ग्लुकोसामाइन साधारण ४१५. आणि "बरणी सहा महिने पुरते" हे जे घरात कौतुक चाललं होतं, ते यामुळे. किंमत लावायची तर रोजच्या पूर्ण मात्रेची लावा, गोळीची नको.

आणि कॉन्ड्रॉइटिन? बरणीवर ते वेगळं लिहिलेलंच नव्हतं. होतं असं : 'जॉइंट ब्लेंड ९०० मिलिग्रॅम', पुढे नावं : एमएसएम, हळदीचा अर्क, कॉन्ड्रॉइटिन, आणि आणखी दोन. अमेरिकेत अशा मिश्रणात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. कॉन्ड्रॉइटिन तिसरं आहे, म्हणजे पहिले दोन किमान त्याच्याइतके तरी असणारच. मग ९०० मध्ये कॉन्ड्रॉइटिन जास्तीत जास्त ३००, तेही तीन गोळ्यांत. मोठ्या प्रयोगांमध्ये दिवसाला १२०० दिलं होतं. समोर ठळक अक्षरात नाव मात्र त्याचंच.

तुम्ही म्हणाल, पूर्ण मात्रा घेतली तर फरक पडतो का? अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, त्याचं नाव गेट, १५८३ लोक होते. ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड १५००, कॉन्ड्रॉइटिन १२००, चोवीस आठवडे. सगळ्यांचा मिळून निकाल पाहिला तर साध्या खोट्या गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. ज्यांना मध्यम ते तीव्र दुखणं होतं, त्या छोट्या गटात जोडीचा फायदा दिसला, पण त्यावरून ठाम बोलता येत नाही असं संशोधकांनीच लिहिलं. सल्फेटवाल्या युरोपीय प्रयोगांचे निकाल बरे आले, त्यावरचा वाद अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर आजीसाठी पैसे खर्च करायचे असतील तर आधी फिजिओथेरपिस्टकडे करावेत.

एक गोष्ट मात्र मतावर सोडण्यासारखी नाही. घरात कुणी रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा असिनोकूमारॉल घेत असेल, तर ग्लुकोसामाइनने त्याचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत. आयएनआर वाढतो, रक्तस्रावाचा धोका. सप्लिमेंट आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. सांगा, आणि सुरू केलं असेल तर आयएनआर लवकर तपासून घ्या.

आपल्या श्रोत्याने पुढे काय केलं? पाकिटावरच्या ग्राहक सेवा पत्त्यावर त्याने मेल टाकला. मजकूर तुम्हालाही उपयोगी पडेल : "आपल्या गोळीतील ग्लुकोसामाइनचा स्रोत कोणता? कॉन्ड्रॉइटिन कोणत्या प्राण्याचं? कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं आहे का? एका गोळीत क्षार वगळून ग्लुकोसामाइन किती मिलिग्रॅम? बॅच क्रमांक अमुक." चार दिवसांनी उत्तर आलं : स्रोत समुद्री, कॉन्ड्रॉइटिन बोव्हाइन. क्षाराच्या प्रश्नाला उत्तर नाही.

आजीला त्याने सरळ सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "नकळत झालं ते झालं, आता नको." दोन्ही डबे बंद झाले. बुरशीपासून बनवलेलं, नुसतं ग्लुकोसामाइन असलेलं एक पाकीट त्याने शोधलंय, पण आजीने अजून हो म्हटलेलं नाही.

तुमच्या घरातल्या डब्याची मागची बाजू वाचून काही अडलं, तर फोटो पाठवा. फक्त मागच्या बाजूचा पाठवा, समोरची नको. भेटू पुढच्या शुक्रवारी.